‘धडाळ’ म्हणजे घड्याळ: डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा निबंध तपासताना

प्रश्न: नववीतल्या एका मुलाला डिस्लेक्सिया आहे. निबंधात विचार सुंदर असतात, पण ओळीला चार चुका. बाकीच्या मुलांवर अन्याय न होता गुण कसे द्यावेत?

आधी तो निबंध त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मला हे उशिरा कळलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘आमच्या गावची एसटी’वर लिहिलं होतं: ‘संपात एसटी आलि नाहि तेवा आजिचं धडाळ बद पडल.’ मी लाल पेनाने सात खुणा केल्या आणि दहापैकी चार गुण दिले. त्याने वाचून दाखवलं तेव्हा लक्षात आलं, की आजी एसटीच्या फेऱ्यांवरच वेळ ओळखते, म्हणून संपात तिचं घड्याळच बंद पडलं. अख्ख्या वर्गात असं कोणी लिहिलं नव्हतं.

आता मी त्याच्या निबंधाची स्वच्छ प्रत करून तीच तपासते. त्यात फक्त शुद्धलेखन सुधारायचं. वाक्य मोडकं असेल तर मोडकंच ठेवायचं, शब्द बदलायचा नाही, परिच्छेद पाडायचे नाहीत. इथे हात सैल सुटला की आपण आपल्याच निबंधाला गुण देऊन बसतो.

आमच्याकडे आशयाला 4, मांडणीला 3, भाषेला 2 आणि शुद्धलेखनाला 1 असे गुण आहेत. कागदावर शुद्धलेखन एका गुणाचं असलं, तरी चुकांनी वैतागलेला हात आशयाचेही गुण कापतो. माझे चार तसेच आले होते. पुन्हा तपासताना आशयाला साडेतीन दिले. मांडणीला दीडच, कारण सगळं एकाच परिच्छेदात होतं आणि शेवट अर्धवट सुटला होता. भाषेला दीड. शुद्धलेखनाचा रकाना वगळला. नवापैकी साडेसहा, म्हणजे दहापैकी साधारण सात. मांडणीचे कापलेले गुण मी परत दिले नाहीत. परिच्छेद पाडणं त्यालाही शिकायचंच आहे, आणि बाकीच्या मुलांना न्याय मिळतो तो इथे.

एक गोष्ट मात्र स्वच्छ प्रतीतही दिसत नाही. लिहिता येणार नाही म्हणून ही मुलं अवघड शब्द टाळतात. तोंडी ‘वेळापत्रक’ म्हणणारा मुलगा कागदावर ‘टाइम’ लिहितो. भाषेचे गुण देण्याआधी त्याला विचारा, ‘इथे तुला दुसरा कुठला शब्द लिहायचा होता का?’

शुद्धलेखन सोडून द्यायचं नाही, पण एका निबंधामागे एकच गोष्ट घ्या. आम्ही ‘घ’ आणि ‘ध’ घेतला, कारण त्याची गल्लत तिथे सर्वांत जास्त होती. श्रुतलेखनात मात्र हा हिशेब चालत नाही; तिथे शुद्धलेखनच तपासायचं असतं.

आणि तपासणी करून प्रमाणपत्र घेतलं आहे का, ते पालकांना आजच विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते, पण बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते ती प्रमाणपत्रावरच. तिथला परीक्षक त्याला वाचून दाखवायला सांगू शकत नाही.