तीन प्लॅनपैकी मधलाच जास्त खपतो, म्हणजे किंमत बरोबर आहे का?

प्रश्न: लातूर-नांदेडच्या कृषी सेवा केंद्रांना बिलिंग ॲप देतो. महिन्याला 199, 499 आणि 999 असे प्लॅन आहेत. 100 पैकी 70 दुकानदार मधल्यावर. किंमत बरोबर बसली म्हणायची का?

उत्तर: नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. नेमकी गरज माहीत नसली की माणूस दोन्ही टोकं टाळून मधला पर्याय घेतो. मार्केटिंगचे संशोधक इटामार सायमनसन यांनी 1989 मध्ये हा कल प्रयोगांतून दाखवला. त्यात मधल्यावर 'सर्वाधिक पसंती'ची पट्टी असेल तर 70 मधले बरेच त्या पट्टीचेच.

आधी जुने आणि नवे ग्राहक वेगळे करा. एकूण आकड्यात जुन्यांचं ओझं असतं, त्यामुळे नवे लोक 199 कडे वळू लागले तरी ते उशिरा दिसतं. मग पैसा बघा: उरलेल्या 30 पैकी समजा 10 जण 999 वर आणि 20 जण 199 वर असतील, तर ते 10 जण 9,990 रुपये देतात, म्हणजे 48,900 च्या एकूण जमेचा पाचवा हिस्सा. डोकी मोजून हे कळत नाही.

खरी परीक्षा वापराची. समजा मधल्याची मर्यादा 500 बिलांची आणि बहुतेकांची बिलं 100 च्या आत, तर ते नूतनीकरणाला खाली उतरतील किंवा सोडतील. बरेच जण 500 ला टेकूनही वर जात नसतील, तर 499 ते 999 ही उडी मोठी आहे.

मात्र वापर मोजताना जून-जुलैचा घ्या. खत-बियाण्यांची मोठी गर्दी तेव्हा असते. मार्च-एप्रिलचा आकडा सगळ्यांना छोटा दाखवेल.