३ वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट मागताय? आधी नोटिशीची अट वाचा

प्रश्न: दर ११ महिन्यांनी एजंट, रजिस्ट्रेशन, आणि वर मालक किती भाडं वाढवणार याचं टेन्शन. यावेळी सरळ ३ वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट करूया म्हटलं तर मालक कां-कूं करतोय. त्याला कसं पटवू? आणि यात आमचा काही तोटा आहे का? (महाराष्ट्र)

उत्तर:

तुमची पोस्ट वाचून माझेच जुने दिवस आठवले. मी वकील नाही, भोगलेला भाडेकरू आहे, आणि बोलतोय ते फक्त महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सबद्दल.

मालक पटेल हो, ते अवघड नाही. त्याची भीती एकच, भाडेकरू ठाण मांडून बसेल. त्याला सांगा की आपल्याकडे ११ महिन्यांचा असो की ३६, करार रजिस्टर करावाच लागतो, म्हणजे ११ वर थांबून त्याची कसलीच सुटका होत नाही. आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भरपाई मागता येते, ती ३ वर्षांच्या करारालाही लागू आहे. खर्चाचं म्हणाल तर २०,००० भाडं, १ लाख डिपॉझिट आणि दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर ३ वर्षांचं भाडं ७,५६,६०० होतं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ३०,०००, आणि या सगळ्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे साधारण दोन हजार. शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. तेच ११-११ महिन्यांनी केलं तर हजाराची फी दरवेळी, एजंटचे पैसे दरवेळी.

आता तोटा. माझं घोडं इथेच पेंड खाल्लं.

१८,००० भाड्यावर ३ वर्षांचा करार केला, दरवर्षी ५ टक्के वाढ लिहून घेतली आणि वाटलं चला, ३ वर्षं बघायला नको. मसुदा एजंटचा, मी फक्त नावं, रक्कम आणि तारखा तपासल्या. चौदाव्या महिन्यात मालकाचा फोन, पुढच्या महिन्यापासून २२,००० द्या नाहीतर घर सोडा. मी करार नाचवला तर एजंटने शांतपणे आतलं एक वाक्य दाखवलं: दोघांपैकी कोणीही १ महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. म्हणजे वर ३६ महिने लिहिलेला माझा करार मुळात १ महिन्याचाच होता! एका ऑफिसात विचारायला गेलो, दोन तास बसवून ठेवलं आणि "सह्या तुमच्याच आहेत ना" एवढं बोलून परत पाठवलं. मुलीची परीक्षा तोंडावर, घर कुठे शोधणार, शेवटी २१,५०० वर मिटवलं. ठरल्याप्रमाणे भाडं १८,९०० आणि मग १९,८४५ झालं असतं, म्हणजे उरलेल्या २२ महिन्यांत जवळजवळ ४६ हजार एका वाक्यापायी गेले.

तेव्हा ३ वर्षं मागताना लॉक-इन मागा, आणि तेही दोघांना वेगवेगळं. माझ्या आताच्या करारात असं आहे: मालकाला पूर्ण ३६ महिने करार मोडता येत नाही, फक्त भाडं सलग २ महिने थकलं किंवा आम्ही अटी मोडल्या तर; आम्हाला पहिले ६ महिने लॉक-इन, त्यानंतर १ महिन्याची नोटीस. मालक ३६ ला तयार नसेल तर २४ वर या, पण दोघांनाही ३६ असं चुकूनही मान्य करू नका, कारण उद्या बदली झाली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं तो डिपॉझिटमधून कापायला बसेल. एजंट म्हणेल "असं कोणी लिहीत नाही". लिहितात. त्याला तयार मसुदा बदलायचा कंटाळा असतो, बाकी काही नाही.

भाडंसुद्धा "परस्पर संमतीने वाढेल" असं मोघम नको. महिना १ ते १२ इतके, १३ ते २४ इतके, २५ ते ३६ इतके, असे आकडेच टाकायला लावा.

एक गोष्ट मात्र लॉक-इनमध्येही बसत नाही. मालकाने फ्लॅट विकला तर नवा मालक तुमच्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही, लीजसारखं ते नसतं. म्हणून विक्री झाली तर किमान ३ महिन्यांची नोटीस आणि ताबा देताना डिपॉझिट परत, हे वेगळं लिहून घ्या. मालक घर विकायच्या विचारात आहे अशी कुणकुण असेल तर मी तरी ३ वर्षांच्या मागे लागणार नाही.

आणि हो, सह्या-अंगठे द्यायच्या आदल्या दिवशी पूर्ण मसुदा मागून घ्या. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस दारात उभा असताना कोणी बारा पानं वाचत नाही, मीही वाचली नव्हती.