पावसामुळे ऑफिस बंद, नोटीस कशी लिहू?

प्रश्न: सर ग्रुपवर म्हणाले "उद्या पाऊस बघून ठरवा, लांबच्यांनी नका येऊ, बाकी घरून बघा". आता मला म्हणतात याची नोटीस काढ. काय लिहू?

उत्तर: आधी सरांना फोन करून तीन गोष्टी विचारून घे, रजा कापणार का, कोणाला यावंच लागेल, आणि परवाचं कधी कळवणार. हे चॅटमधे नाहीये आणि तू मनाने लिहिलंस तर पगाराच्या वेळी तुझ्याच डोक्यावर येईल.

"उद्या" हा शब्द काढूनच टाक. आमच्याकडे रात्री पावणेबाराला मेसेज गेला, अर्ध्यांनी सकाळी वाचला आणि उद्या म्हणजे त्याच्या पुढचा दिवस समजून कुर्ल्याला पाण्यात अडकले 😅 म्हणून वार आणि तारीख दोन्ही टाक. "लांबचे" पण नको, बोरिवलीवाला स्वतःला लांबचा समजत नाही. सर जे सांगतील त्याप्रमाणे बदलून असं लिही:

"मुसळधार पावसामुळे मंगळवार, 19 ऑगस्ट 2025 रोजी ऑफिस बंद राहील. सर्वांनी सकाळी 10 ते 6 घरून काम करावे, रजा कापली जाणार नाही. घरी लाईट किंवा नेट नसेल तर आपल्या मॅनेजरला फोन करावा. बुधवारबद्दल मंगळवारी संध्याकाळी 6 पर्यंत याच ग्रुपवर कळवू."

कोणाला यायचंच असेल तर त्यांची नावं लिही, "आवश्यक स्टाफ" लिहिलं की कोणीच येत नाही. संप असेल तर फक्त कारण बदल, म्हणजे "रिक्षा-बस बंद असल्यामुळे", संप बरोबर की चूक यात पडू नको.