तीन ऑफिसांचा एक रिपोर्ट: तारीख-वेळ कशी लिहायची

"दादा, मी उद्यमबागेत एका मशीन शॉपच्या क्वालिटीला आहे. पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ऑफिसला जातोय. बेळगाव, जर्मनी आणि मिलवॉकी तिघांना जाणारा रिजेक्शन रिपोर्ट मीच काढणार. त्यात तारीख-वेळ कुठली लिहू?"

घटना जिथं घडली तिथलीच वेळ लिही आणि तिला चिकटून यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक आकड्यात टाक. नुसतं IST लिहून सोडू नकोस, आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच म्हणतात. मिलवॉकीची हिवाळ्यातली CST म्हणजे चीनचीही CST.

आपलं बेळगाव वर्षभर +05:30 वर असतं. बाकी दोघांची घड्याळं मागंपुढं होतात, तीही वेगवेगळ्या दिवशी. २०२६ मध्ये जर्मनी २५ ऑक्टोबरला एक तास मागं जाईल, अमेरिका १ नोव्हेंबरला. त्यामुळं २८ ऑक्टोबरला मिलवॉकीत सकाळी ९ वाजले की बेळगावात संध्याकाळचे साडेसात. पुढच्या बुधवारी त्याच ९ ला आपल्याकडं साडेआठ. फरक लिहिलेला असला की ही आकडेमोड वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडत नाही.

खरी गोची तिसऱ्या पाळीची. समज, रात्री दीडला कास्टिंग लीक टेस्टला फेल झालं. कॅलेंडरनं ती २९ ऑक्टोबर, पण पाळी २८ ची म्हणून रजिस्टरात २८ पडते. मिलवॉकीत तेव्हा २८ चे दुपारचे तीन असतात. रिपोर्टात "२८ ऑक्टोबर, १:३०" गेलं, तर तिकडचा माणूस माल पूर्ण एक दिवस आधीपासून अडकवतो आणि चांगला लॉटही होल्डवर जातो. म्हणून पाळीची तारीख वेगळ्या रकान्यात ठेव, घड्याळाची वेगळ्या:

```
shift_date,event_time
2026-10-28,2026-10-29 01:30 +05:30
```

वर्ष आधी का, तर 05/11/2026 ही आपली ५ नोव्हेंबर, अमेरिकेची ११ मे. सीएसव्ही फाइल अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये उघडली की ती मुकाट्यानं मे होते. 28/10/2026 मध्ये मात्र २८ वा महिना नसल्यानं तो नुसता मजकूर राहतो. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडं आणि काही डावीकडं चिकटलेल्या दिसल्या, तर हेच झालंय समज. उजवीकडच्या आधी तपास, बिघडलेल्या त्याच असतात.

आणखी एक खोच आहे. 2026-11-05 लिहिलंस तरी एक्सेल ती बरोबर ओळखून पडद्यावर 11/5/2026 दाखवतं. तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीस, तर पडद्यावरचं रूपच फाइलमध्ये जातं. सेव्ह करण्याआधी त्या रकान्याचा फॉरमॅट yyyy-mm-dd कर.

तुझ्या टेस्ट रिगचं घड्याळ कुठल्या वेळेवर लावलंय, ते निघायच्या आधी मेंटेनन्सवाल्यांना विचारून घे. मशीन बाहेरून आलेलं असेल तर ते बनवणाऱ्याच्या देशातल्या वेळेवरच चालू असू शकतं.