तिच्या निकालावर काय लिहायचं

अरे पोरा,

पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव आलं म्हणून तिला पाठवायला तू काल दाखवलेले तिन्ही मजकूर पुन्हा वाचले. एकही पाठवू नकोस.

‘हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे पोवई नाक्यावरच्या फलकावर शोभतं. ‘मला माहीतच होतं तुझं होणार’ हे तर तिची भीती खोटी ठरवणं झालं. तिला स्वतःला माहीत नव्हतं, म्हणून तर ती पहाटे ग्राउंडवर जायची. आणि ‘आता आम्हाला ओळखशील ना?’ असं विचारलंस की, आनंद तिचा, पण तुझी समजूत काढायचं काम तिच्याच गळ्यात.

ती तुझ्याशी स्वतः जे बोलली, तेच लिही. चहाच्या गाड्यावर ती काय म्हणाली होती, ते तूच मला सांगितलंस. आठशे मीटरमधले शेवटचे दोनशे मीटर पायच उचलत नाहीत, असं. पोलीस भरतीत मैदानीचे 50 गुण आणि लेखीचे 100, हे साऱ्या साताऱ्याला पाठ आहे. पण ते दोनशे मीटर तिने तुलाच सांगितले होते. मग लिही:

‘यादीत तुझं नाव बघितलं. पहिल्यांदा तुझे ते शेवटचे दोनशे मीटर आठवले. काढलेस तू ते. फार आनंद झाला. आज घरी गडबड असेल, उत्तराची घाई नाही.’

बस. पार्टी मागू नकोस, भेट ठरवू नकोस. यादीत गुण आणि प्रवर्गही दिसतात, त्यावर एक अक्षर नको. तुझ्याशी ती ते बोललेली नाही. यादी तात्पुरती असेल तर ‘पोलीस झालीस’ असंही लिहू नकोस. कागदपत्रं, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी अजून बाकी असते आणि ती धाकधूक तिलाच असते.

आणखी एक. निकालाच्या दिवशी मुलीचा फोन मावशीच्या, भावाच्या हातातून फिरतो. त्यांनी वाचलं तरी तिला खाली बघावं लागू नये, इतकं साधं लिही. ‘तू’ म्हणत असशील तर ‘तू’, ‘तुम्ही’ असेल तर ‘तुम्ही’. आजच बदल नको.

‘एवढंच? कोरडं वाटेल,’ असं तू म्हणशील. मलाही लोक कोरडा म्हणतात, म्हणू देत. मी आयुष्यभर माणसाच्या तोंडून ऐकलेलंच त्याला परत लिहिलं, आणि त्यात मला कधीच काही कमी वाटलं नाही. उसनं कौतुक कुणालाही पाठवता येतं. तिचं वाक्य फक्त तुझ्याकडे आहे रे, ते वाया का घालवतोस?

आज रात्रीच पाठव. नुसतं ‘थँक्यू’ आलं तर त्याचे अर्थ लावत बसू नकोस, आज ते सगळ्यांनाच जातंय. पडताळणी झाली की ‘कागदपत्रं नीट पार पडली का?’ एवढं विचार. चहाचं त्यानंतर बघू.

तुझा,
काका