कोंबड्यांच्या खुराड्याचे आपोआप उघड-बंद होणारे दार: कोंबडी अडकू नये म्हणून काय करावे?

प्रश्न: १५ गावरान कोंबड्या आहेत. रोज संध्याकाळी दार लावायला घरी कोणी नसतं. एलडीआर, गिअर मोटर आणि दोन लिमिट स्विच वापरून दार करायचं आहे. पण बंद होताना कोंबडी दारात सापडली तर मोटर तिला चिरडेल का? ते कसं टाळायचं?

उत्तर:

मोटर दाराला खाली ढकलत असेल तर चिरडेल. म्हणून रॅक, स्क्रू किंवा मोटरच्या दांड्याला थेट जोडलेलं दार करू नका. दार वरून खाली सरकणारं ठेवा, दोरीवर टांगा आणि मोटरकडे फक्त दोरी गुंडाळायचं व सोडायचं काम द्या. दोरीने ढकलता येत नाही. त्यामुळे कोंबडीच्या पाठीवर जास्तीत जास्त दाराचं स्वतःचं वजन येतं, मोटर कितीही ताकदीची असली तरी.

हे वजन कमी ठेवायचं. २७ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच वाटेसाठी ३० × ३७ सेंमीचा, २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. तो साधारण ६०० ग्रॅम भरतो. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं आणि खाचेत अडकतं, कोकणात तर नक्कीच. खाच ॲल्युमिनियम चॅनेलची करा आणि दोन्ही बाजूंना २-३ मिमी मोकळीक सोडा. पत्र्याच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावा.

मोटर १२ व्होल्ट, १० आरपीएमची आणि रीळ २० मिमी व्यासाचं घेतलं तर दार सेकंदाला साधारण १ सेंमी सरकतं. पूर्ण उतरायला ३५ सेकंदांच्या आसपास लागतात. हा संथपणा हवाच आहे, कारण दार येताना पाहून कोंबडी बाजूला होते. वर्म गिअरची मोटर मिळाली तर तीच घ्या. वीज बंद असतानाही ती दार जागेवर धरून ठेवते.

आता खरी मेख. दार कोंबडीवर टेकलं की खालचा लिमिट स्विच दाबला जात नाही, म्हणून मोटर दोरी सोडतच राहते. दोरी संपली की रीळ त्याच दिशेने फिरत ती उलट बाजूने गुंडाळू लागतं. ‘बंद हो’ म्हणताना दार वर चढतं, आणि पुढे ‘उघड’ म्हटलं की खाली येतं. दार रात्रभर उघडं आणि सकाळी बंद, अशी तक्रार आली तर पहिल्यांदा हेच तपासा.

यावर उपाय म्हणजे तिसरा स्विच. पुली आणि रीळ यांच्या मधल्या दोरीवर रोलर असलेला मायक्रोस्विच असा बसवा की ताणलेली दोरी त्याचा दांडा दाबून ठेवेल आणि सैल पडली की सोडेल. खालचा लिमिट दाबला जाण्याआधी दोरी सैल झाली, याचा अर्थ दाराखाली काहीतरी आहे. मोटर लगेच उलटी फिरवून दार पूर्ण वर न्यायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पाच वेळा असं झालं तर दार उघडं ठेवून बझर वाजवायचा. अर्डुइनोवर गाभा एवढाच:

```cpp
void closeDoor() {
  for (int n = 0; n < 5; n++) {
    unsigned long t = millis();
    motorDown();
    while (digitalRead(BOTTOM) == LOW) {
      if (slackFor200ms()) break;
      if (millis() - t > 45000UL) {
        motorStop(); alarm(); return;
      }
    }
    motorStop();
    if (digitalRead(BOTTOM) == HIGH) return;
    openDoor();
    delay(120000UL);
  }
  alarm();
}
```

४५ सेकंदांची मर्यादा संपली तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही, कारण तेव्हा सैल दोरीचा स्विचच बिघडला असण्याची शक्यता असते आणि रीळ उलटं गुंडाळलं गेलेलं असू शकतं. `openDoor()` लाही अशीच वेळेची मर्यादा हवी. २०० मिलीसेकंदांची वाट झटक्याने येणाऱ्या खोट्या इशाऱ्यांसाठी आहे.

वायरिंग तार तुटण्याचा विचार करून करा. तिन्ही पिन `INPUT_PULLUP` ठेवा. वरचा आणि खालचा लिमिट एनसी टोकावर जोडा, म्हणजे दाबला की `HIGH`, आणि तार तुटली तरी `HIGH`, मोटर थांबते. दोन्ही लिमिट एकाच वेळी `HIGH` दिसले तर ते अशक्य आहे. दार हलवण्याआधी हे तपासून थेट बझर वाजवा. सैल दोरीचा स्विच मात्र एनओ टोकावर, म्हणजे त्याची तार तुटली तर दोरी सैल समजून दार वर जाईल.

खालचा लिमिट जमिनीजवळ बसवू नका. भाताचं तूस आणि विष्ठा आठवड्याभरात त्याला जाम करतात. दार खाली असताना त्याची वरची कड जिथे येते तिथे स्विच लावा आणि दारावरच्या एका स्क्रूने तो दाबला जाऊ द्या. शेवटचे ५ मिमी उरल्यावरच तो लागला पाहिजे. त्याआधी लागला तर खाली सापडलेला पाय ‘दार बंद झालं’ म्हणून खपून जातो.

दोरीच्या दाराचा एक तोटा आहे: मुंगूस किंवा रानमांजर ते खालून उचलू शकतं. दाराची खालची कड उंबऱ्याच्या पट्टीमागे २ सेंमी उतरेल असं करा, म्हणजे पंजाला कड सापडत नाही. या फटीचा तळ उघडा ठेवा, नाहीतर तूस साचून दार टेकतच नाही. दार वर सरकतं ती जागाही समोरून पत्र्याने झाका. दाराच्या वरच्या कडेवर कोंबडी बसली आणि सकाळी दार वर गेलं, तर तिची मान चौकटीत सापडू शकते.

अडथळा ओळखायला स्वस्त परावर्तनी आयआर मॉड्यूल सुचवलं जातं. त्यावर विसंबू नका. उन्हात ते चुकतं, धुळीने आंधळं होतं आणि कडकनाथसारख्या काळ्या पिसांवरून त्याला पुरेसा प्रकाश परत मिळत नाही.

एलडीआर ५ व्होल्ट आणि `A0` मध्ये, १० किलोओहमचा रेझिस्टर `A0` आणि ग्राउंडमध्ये जोडा. उजेड वाढला की आकडा वाढतो. बंद करायचा आकडा ३०० आणि उघडायचा ८०० पासून सुरुवात करा. दोन्हींत मोठं अंतर असलं की दार वर-खाली करत बसत नाही. मात्र प्रत्येक एलडीआर वेगळा असतो. म्हणून एका संध्याकाळी शेवटची कोंबडी आत गेल्यानंतर दहा मिनिटांनी सिरियल मॉनिटरवर दिसणारा आकडा हाच तुमचा बंद करायचा आकडा. घाई केली तर मागे राहिलेली कोंबडी बाहेर अडकते, आणि अंधारात तिला नीट दिसत नसल्याने नंतर दार उघडलं तरी ती येत नाही. आकडा सलग दहा मिनिटं टिकला तरच दार हलवा. मग विजांचा लखलखाट किंवा गाडीचे दिवे चालतात. सेन्सर अंगणातल्या बल्बपासून दूर, आकाशाकडे तोंड करून लावा.

एलडीआरची तार तुटली तर आकडा शून्याकडे जातो आणि भर दुपारी दार लागतं. पत्र्याच्या खुराड्यात मे महिन्यात हे जिवावर बेतेल. डीएस३२३१ घड्याळ जोडून संध्याकाळी साडेपाचच्या आधी बंद करायला मनाई ठेवा.

भारनियमनासाठी १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी पुरते. मोटर दिवसाला जेमतेम सव्वा मिनिट चालते; बॅटरी खातात ते सतत चालू असलेले बोर्ड आणि ड्रायव्हर. ते मिळून ५० मिलीअँपिअर घेत असतील तर चार-पाच दिवस निघतात. वीज जाऊन आल्यावर दोन्ही लिमिट सुटलेले दिसले, म्हणजे दार अधांतरी आहे, तर आधी दार वर न्यायचं.

कोंबड्या सोडण्याआधी दाराखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून दार उतरवा. काट्यावर ६०० ग्रॅमच्या आसपास आकडा येऊन दार लगेच परत वर गेलं पाहिजे. मग गुंडाळलेला टॉवेल डाव्या, उजव्या आणि मधल्या बाजूला ठेवून तेच करा. एका कडेला ठेवल्यावर दार तिरपं होऊन खाचेत अडकत असेल तर मोकळीक कमी-जास्त करा. ही चाचणी दर महिन्याला, खाच घासून साफ केल्यावर, पुन्हा घ्या.