इंग्रज लग्नात नवरदेवाच्या मित्राने करायचे भाषण

"मी सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी इंग्लंडला येत आहे. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या कॉलेजमधल्या मित्राचे एका इंग्रज मुलीशी लग्न आहे आणि त्याने मला बेस्ट मॅन केले आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजीत टोस्ट कसा करावा? विनोद जमेल का?"

तुमचा क्रम बहुधा शेवटचा असेल. परंपरेप्रमाणे आधी वधूपिता बोलतात, मग नवरदेव आणि त्यानंतर बेस्ट मॅन. ही भाषणे ज्या जेवणाच्या वेळी होतात त्याला वेडिंग ब्रेकफास्ट म्हणतात, पण ते बहुधा दुपारी असते, म्हणून नावावर विसंबून सकाळी उपाशीपोटी निघू नका. शेवटचा क्रम असल्यामुळे तुमच्या आधी बरेच बोलून झालेले असते. पाच मिनिटांत संपवा. सावकाश बोलणाऱ्याला तेवढ्या वेळात सुमारे पाचशे शब्द पुरतात, आणि तुम्ही सावकाशच बोलले पाहिजे, कारण तुमचे उच्चार समोरच्या निम्म्या लोकांना नवे असतील.

मी माझ्या मित्राच्या लग्नात बोललो तेव्हा पहिल्या मसुद्यात कॉलेजचे सात किस्से होते. ते ऑफिसमधल्या एका इंग्रज सहकारी बाईंना वाचून दाखवले. "वी पास्ड आउट टुगेदर" या वाक्यावर त्या थबकल्या आणि दोघांनाही एकाच वेळी कशामुळे चक्कर आली, असे त्यांनी काळजीने विचारले. आपण पदवी घेण्याला पास आउट म्हणतो. तिथे त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा होतो आणि लग्नात तर लोक दारूच आठवतात. तिथे "ग्रॅज्युएटेड" म्हणावे. त्याच बाईंनी सात किश्शांपैकी सहा काढून टाकायला लावले, कारण ते समजण्यासाठी आधी आमचे वसतिगृह, मेस आणि प्राध्यापक समजावून सांगावे लागत होते.

उरला तो मित्राच्या उशिरा येण्याचा किस्सा. उशीर कुठल्याही देशात कळतो. भाषणाचा गाभा असा होता:

"आय हॅव नोन द ग्रूम फॉर ट्वेल्व्ह इयर्स. फॉर इलेव्हन ऑफ दोज इयर्स, आय हॅव बीन वेटिंग फॉर हिम. ही ऑलवेज सेज, फाइव्ह मिनिट्स. इन पुणे, दॅट मीन्स ही इज लुकिंग फॉर हिज टॉवेल. टुडे ही वॉज ट्वेंटी मिनिट्स अर्ली. हिज मदर ट्राइड फॉर थर्टी इयर्स. द ब्राइड डिड इट इन टू."

वाक्ये किती लहान आहेत ते पाहा. हशा पिकवणारा शब्द प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी आहे; मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ही जागा आपल्याला सहसा साधत नाही, म्हणून हे मुद्दाम तपासावे लागते. त्या शब्दानंतर थांबा. मी "टॉवेल" म्हणून लगेच पुढे गेलो आणि हशात पुढचे वाक्य बुडाले. ते पुन्हा म्हणावे लागले.

थट्टा नवरदेवाची करावी. नवरीची, तिच्या घरच्यांची किंवा नवरदेवाच्या जुन्या प्रेमप्रकरणांची करू नये. इंग्रज बेस्ट मॅन कधी कधी फार पुढे जातात, पण पहिल्या रांगेत बसलेल्या मित्राच्या आईला आपल्यालाच पुन्हा तोंड दाखवायचे असते. उखाणा भाषांतरित करू नका, यमक गेले की त्यात काही उरत नाही.

मग एकदाच गंभीर व्हावे, आणि त्याच किश्शातून:

"वन नाइट माय फादर वॉज व्हेरी इल. आय रँग द ग्रूम ॲट टू इन द मॉर्निंग. ही सेड, फाइव्ह मिनिट्स. दॅट नाइट, इट वॉज फाइव्ह मिनिट्स."

इथे कोणी हसले नाही, आणि तसेच अपेक्षित होते. यानंतर आणखी विनोद जोडण्याचा मोह मी आवरला.

टोस्ट म्हणजे भाषणाची शेवटची दोन वाक्ये. "प्लीज स्टँड अँड रेज युअर ग्लासेस" म्हणा, सगळे उभे राहीपर्यंत थांबा आणि मग "टू" म्हणून दोघांची फक्त पहिली नावे घ्या, कारण पाहुणे तीच नावे मोठ्याने पुन्हा म्हणतात. नवरा-नवरी बसूनच राहतात आणि स्वतःसाठीच्या टोस्टला पीत नाहीत. तुम्ही मद्य घेत नसाल तर फळांचा रस चालतो, कोणी विचारत नाही. मात्र बोलायला उठण्यापूर्वी पेला भरलेला आहे ना, ते पाहून घ्या. माझा रिकामा होता.